मान दुखते की मन? पडद्यावरच्या मराठीची लिपी

पोट, पाय, हात, मान, हाड, ताप. दवाखान्यात रोज लागणारे हे सहा शब्द आपण मोबाइलवर निरोप लिहितो तसे रोमन अक्षरांत लिहिले, तर pot, pay, hat, man, had, tap असे दिसतात. सहाच्या सहा इंग्रजीतले नेहमीचे शब्द आहेत. रोमन अक्षरे दिसली की इंग्रजी वाचायची, ही सवय आपल्या डोळ्याला शाळेपासून लागलेली असते. त्यामुळे तो आधी इंग्रजी शब्द वाचतो, अर्थ लागत नाही म्हणून थबकतो आणि मग मागे वळून मराठी वाचतो. मित्राच्या निरोपात हे थबकणे जाणवत नाही, कारण निरोप हातातच असतो आणि पुन्हा वाचता येतो. पडद्यावरची ओळ तशी थांबत नाही. सबटायटल तीन-चार सेकंदांत जाते आणि स्लाइड वक्त्याच्या मर्जीने पुढे सरकते. मराठी मजकूर पडद्यावर कोणत्या लिपीत द्यावा, या प्रश्नाचा विचार अस्मितेच्या अंगाने पुष्कळ होतो. इथे तो फक्त या तीन-चार सेकंदांच्या हिशेबाने करायचा आहे.

हल्ली संस्थांच्या बैठकीत एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: तरुण मुले सगळे रोमनमध्येच लिहितात, म्हणून त्यांच्यासाठीच्या व्हिडिओत सबटायटलही रोमनमध्ये द्या. यात टंकणे आणि वाचणे या दोन गोष्टींची गल्लत आहे. मुले रोमनमध्ये लिहितात ते रोमन कीबोर्ड हाताशी असतो म्हणून. देवनागरी कळपट बदलून जोडाक्षर काढण्यापेक्षा ते लवकर होते, एवढेच त्याचे कारण. वाचताना कळपट आड येत नाही. महाराष्ट्रात इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगासुद्धा हिंदी आणि मराठी हे विषय देवनागरीतूनच शिकतो, आणि २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. त्याची देवनागरी वाचण्याची गती इंग्रजीपेक्षा कमी असू शकते. पण तुलना इंग्रजीशी करायची नाही, रोमन मराठीशी करायची आहे. शंका असेल तर अशा चार मुलांना एकच परिच्छेद दोन्ही लिप्यांत मोठ्याने वाचायला द्या आणि ती कुठे अडखळतात ते ऐका. दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्यातून कळते ते बैठकीतल्या तासाभराच्या चर्चेतून कळत नाही.

रोमनमध्ये नेमके काय गळते? पहिली गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. अ आणि आ या दोघांसाठी आपण एकच a वापरतो, म्हणून man हे मनही असते आणि मानही, pan हे पणही आणि पानही. दुसरी गोष्ट ट-त, ड-द, ण-न आणि ळ-ल या जोड्यांची. dat म्हणजे दात की दाट, vel म्हणजे वेळ की वेल, हे लिपी सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की एका mala मध्ये मला, मळा, माळा आणि माला असे चार शब्द राहायला येतात. ‘काल पाऊस पडला, पण मळा वाचला’ हे वाक्य Kal paus padla, pan mala vachla असे वाचून पाहा. त्यातले सहाही शब्द मराठी माणूस शेवटी ओळखतो, पण ओळखतो तो संदर्भावरून. लिपीने त्याला काही सांगितलेले नसते.

तिसरी गळती शिस्तीची. देवनागरीत ‘आहे’ एकाच प्रकारे लिहिता येते. रोमनमध्ये ahe, aahe, aahey असे तीन प्रकार एकाच माणसाच्या हातून एकाच दिवशी उतरतात. ज्ञ चे dnya, gya, jna होतात, व चा कधी v होतो तर कधी w. सरावाचा वाचक अक्षर जुळवत वाचत नाही, शब्दाची ओळखीची आकृती पाहून पुढे जातो. ज्या लेखनात शब्दाला ठरलेली आकृतीच नाही, तिथे त्याला प्रत्येक वेळी अक्षरे जुळवत बसावे लागते. सबटायटल वाचताना चित्राकडे बघायला जो वेळ उरायला हवा, तो या जुळवाजुळवीत जातो.

हा दोष रोमन लिपीचा नाही, हेही सांगायला हवे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले तेच रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. गोव्यातली रोमी कोंकणी तर आजही चालती लिपी आहे. तिच्यात श साठी x येतो, शीत म्हणजे xit. ळ सारखी मूर्धन्य अक्षरे दाखवायला व्यंजन दुहेरी लिहितात, म्हणून वेळ हा शब्द vell असा होतो आणि वेलाशी त्याची गल्लत होत नाही. वर्तमानपत्रे, प्रार्थनापुस्तके आणि तियात्र यांच्या आधाराने हे संकेत पिढ्यान्‌पिढ्या रुळले, म्हणून रोमी वाचणारा अडखळत नाही. मोबाइलवरच्या रोमन मराठीला असे ठरलेले संकेत नाहीत आणि ती शाळेत कोणी शिकवत नाही. तिचा प्रत्येक लेखक आपापले नियम करतो आणि वाचकाला ते ओळीगणिक ओळखावे लागतात.

आता प्रेक्षकांकडे वळू. रोमन मराठी वाचता येण्याची एक अट असते, ती म्हणजे भाषा आधीपासून कानावर बसलेली हवी. dukhat हे ‘दुखत’ आहे हे ज्याने तो शब्द हजार वेळा ऐकला आहे त्यालाच कळते. त्यातही आवाज सोबत चालू असेल तर काम सोपे होते, कारण कान शब्द सांगतो आणि डोळा फक्त दुजोरा देतो. न्यू जर्सीत वाढलेली, घरी मराठी बोलणारी पण देवनागरी न शिकलेली मुलगी गणपतीच्या आरतीचे शब्द रोमनमध्ये पडद्यावर पाहून बिनचूक म्हणते ती याच जोरावर. चाल आणि शब्द तिच्या कानात असतातच. शाळा तमिळमधून झालेल्या, घरी तंजावर मराठी बोलणाऱ्या माणसालाही रोमनचा असाच उपयोग होऊ शकतो. आवाज काढून घेतला की मात्र हा आधार जातो. ज्याला ऐकू येत नाही, ज्याने रेल्वेच्या डब्यात मोबाइलचा आवाज बंद ठेवला आहे, जो सभागृहात मागच्या रांगेत बसून नुसती स्लाइड वाचतो, त्या तिघांनाही कानाची मदत नसते. सबटायटल मुळात ज्यांच्यासाठी असतात ते हेच प्रेक्षक, आणि रोमन मराठी नेमकी त्यांच्याच कामाची नाही.

वाचायला शिकवण्याचा मुद्दाही यातच येतो. गाण्याच्याच भाषेतले, त्याच भाषेच्या लिपीतले शब्द पडद्यावर दाखवले तर कमी शिकलेल्या माणसाचे वाचन सुधारते, ही कल्पना अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास मांडली आणि पुढे ती दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये वापरली गेली. शब्द आधी कानावर पडतो, मग डोळ्याला त्याची आकृती दिसते आणि दोन्हींचा मेळ बसत जातो. हा फायदा ठरलेल्या लेखनाचा आहे. ज्या आकृत्या रोज बदलतात त्या कितीही वेळा पाहिल्या तरी मनात ठसत नाहीत.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, मानदुखीवरच्या व्यायामाचा चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. पाहणारे बहुतेक साठीच्या पुढचे, मराठी माध्यमात शिकलेले आहेत, काहींना कमी ऐकू येते आणि पडदा हातातल्या मोबाइलचा आहे. पहिले वाक्य आहे: ‘मान दुखत असेल, तर मान एकदम वळवू नका.’ रोमनमध्ये ते Man dukhat asel, tar man ekdam valvu naka. असे होते. रोमन लिहिणाऱ्यांचा समज असतो की रोमन ओळ आटोपशीर होते. मोजून पाहिले तर मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून देवनागरी ओळीत संगणकाच्या हिशेबाने ३६ खुणा आहेत आणि रोमन ओळीत ४२. शिवाय संगणक काना, मात्रा, उकार वेगळे मोजतो. डोळ्याला दिसतात ती अक्षरे एकवीसच. ‘प्रार्थना’ हा शब्द संगणकाच्या लेखी नऊ खुणांचा आहे आणि आपल्या डोळ्याला तीन अक्षरांचा. म्हणून सबटायटलचे सॉफ्टवेअर देवनागरी ओळ फार लांब झाल्याचा लाल इशारा देते तेव्हा तो निमूट मान्य करायचा नाही, ओळ एकदा वाचून पाहायची.

वेळेचा जुना ठोकताळा असा आहे की दोन भरलेल्या ओळी, म्हणजे सत्तरेक खुणा, पडद्यावर सहा सेकंद राहाव्यात. त्या हिशेबाने ३६ खुणांना तीन सेकंद पुरतात. प्रेक्षक वयस्क आहेत आणि त्यांना व्यायामाची हालचालही पाहायची आहे, म्हणून अर्धा सेकंद वाढवावा. ओळ तोडायची ती स्वल्पविरामावर. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो हे तोडताना विसरू नये. ‘वळवू’ एका सबटायटलमध्ये आणि ‘नका’ पुढच्यात गेले, तर क्षणभर उलटाच सल्ला पडद्यावर उभा राहतो, आणि मान दुखणाऱ्याने तो क्षण पाळला तर पंचाईत होते. फाइलमध्ये ही नोंद अशी दिसेल:

```
1
00:00:12,000 --> 00:00:15,500
मान दुखत असेल,
तर मान एकदम वळवू नका.
```

आता हाच व्हिडिओ परदेशातल्या नातवंडांनीही आजीबरोबर पाहावा असे वाटत असेल, तर रोमन ओळ देवनागरीच्या खाली जोडायची नाही. दोन लिप्यांच्या दोन ओळी म्हणजे दुप्पट मजकूर, आणि ज्याला देवनागरी येते तोही नकळत खालची ओळ वाचायला जातो. त्यापेक्षा सबटायटलच्या दोन वेगळ्या फाइली कराव्यात आणि निवड पाहणाऱ्यावर सोडावी. भाषासंकेतांत याची सोय आहे. नुसते mr म्हटले की देवनागरीच गृहीत धरतात आणि रोमन मराठीसाठी mr-Latn असा वेगळा संकेत आहे. फाइलींची नावेही तशीच ठेवावीत, म्हणजे वर्षभराने कोणती फाइल कुठली ते शोधावे लागत नाही.

देवनागरी टाळण्याचे दुसरे कारण सांगतात ते म्हणजे ‘फॉन्ट फुटतो’. या भीतीला इतिहास आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असत. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांची भेळ दिसे. ऐन कार्यक्रमात ज्यांच्यावर हा प्रसंग आला, त्यांनी पुढे रोमनमध्येच स्लाइड करायचे ठरवले असेल तर त्यांना नावे ठेवता येत नाहीत. आज बिघाड होतात ते वेगळे आहेत आणि ते ओळखता येतात.

सबटायटलची फाइल उघडल्यावर à¤®à¤¾à¤¨ असले काही दिसले, तर घाबरायचे कारण नाही. मजकूर शाबूत आहे, पाहणारे सॉफ्टवेअर तो चुकीच्या पद्धतीने वाचते आहे. फाइल उघडताना UTF-8 निवडले की ‘मान’ परत दिसते. मात्र सगळीकडे नुसती ???? अशी प्रश्नचिन्हे दिसली, तर कोणीतरी ती फाइल ANSI म्हणून जतन केली आहे आणि त्या प्रतीतला मजकूर कायमचा गेला आहे. मूळ प्रत शोधण्यावाचून इलाज नाही.

तिसरा बिघाड व्हिडिओ संपादनात होतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसायला हवी ती नंतर दिसते, जोडाक्षर सुटून मध्ये पाय मोडलेला दिसतो. इथे दोष फॉन्टचा नसतो. सॉफ्टवेअर अक्षरे नुसती एकापुढे एक मांडत असते, देवनागरीची जुळणी करत नसते. ॲडोबीच्या काही संपादन-सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट इंजिनाची निवड South Asian and Middle Eastern अशी करावी लागते. ती केली नाही तर फॉन्ट कितीही बदला, उपयोग होत नाही. चाचणीसाठी ‘शक्ती, मित्र, ट्रॅक्टर, दऱ्या’ एवढे चार शब्द टंकून पाहावेत. ‘दऱ्या’तला अर्धा र मराठीत महत्त्वाचा आहे. तो रफार होऊन ‘दर्या’ उमटला की डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. हे चार शब्द नीट दिसले तर बाकीचा मजकूरही सहसा नीट दिसतो.

एवढे झाल्यावरही देवनागरी वाचनीय होईलच असे नाही, आणि ती रोमनपेक्षा अवघड वाटते असे सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा वाईट मांडलेली देवनागरी पाहिलेली असते. रोमन मजकुरासाठी आखलेल्या साच्यात ती ओतली की काही गोष्टी ठरलेल्या बिघडतात. ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने ठेवले, तर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आणि रफारांवर आदळतात. अंतर निदान ओळीच्या सव्वापट हवे. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सोय रोमनमध्ये शीर्षक उठावदार करते, देवनागरीत ती शिरोरेषेचे तुकडे करते. ती शून्यावरच ठेवावी. त्याच आकड्याच्या मापात बऱ्याच फॉन्टांतली देवनागरी शेजारच्या रोमनपेक्षा बारीक दिसते, कारण मात्रांसाठी वर-खाली जागा राखून अक्षराचा गाभा लहान झालेला असतो. माप दोन-चार अंकांनी वाढवले की हे सावरते.

सबटायटलला काळी किनार देण्याची पद्धत देवनागरीला सर्वांत जास्त छळते. क्ष, ज्ञ, द्ध यांच्या पोटातली मोकळी जागा किनारीने बुजते आणि अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेत विरघळतो. अनुस्वार गेला की ‘मुलांचा’ हा शब्द ‘मुलाचा’ असा वाचला जातो, म्हणजे अनेकवचनाचे एकवचन होते आणि प्रेक्षकाला चूक झाल्याचे कळतही नाही. किनारीऐवजी ओळीमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्यावी आणि वजन मध्यम ठेवावे, फार जाड नको. सभागृहात स्लाइड तपासायची तर शेवटच्या रांगेत उभे राहून घ-ध, भ-म, प-ष या जोड्या वेगळ्या कळतात का ते पाहावे. कळत नसतील तर माप वाढवा आणि मजकूर कमी करा. बोलणे संपल्यावर स्लाइड वाटायच्या असतील तर त्या पीडीएफ करून वाटाव्यात, म्हणजे फॉन्टही सोबत जातो.

स्लाइडवर इंग्रजी शब्दांचे काय, हा प्रश्न येतोच. ‘एक्स-रे’, ‘फिजिओथेरपी’, ‘रिपोर्ट’ हे शब्द मराठी झालेले आहेत, ते देवनागरीतच बरे. मराठी वाक्याच्या मध्ये रोमन शब्द आला की वाचणारा लिपी बदलतो आणि पुन्हा परततो. एका ओळीत असे दोनदा झाले तर गती पडते. पण प्रेक्षकाला जे स्वतः टंकायचे आहे किंवा दुसरीकडे तसेच्या तसे ओळखायचे आहे, ते मूळ लिपीत हवे: संकेतस्थळाचा पत्ता, फाइलचे नाव, सूत्र, औषधाच्या वेष्टनावर छापलेले नाव. MRI ला ‘एमआरआय’ म्हणा, पण चिठ्ठीवर MRI लिहिलेले असणार असेल तर एकदा ते रूपही दाखवा.

रोमन मराठी खरोखर उपयोगी पडते अशी एक जागा मात्र दुर्लक्षित राहते, आणि ती मराठी न येणाऱ्यांची आहे. पुण्यामुंबईच्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या परिचारिका काम करतात. त्यांना ‘कुठे दुखतंय?’ हे म्हणायला शिकवणाऱ्या स्लाइडवर रोमन ओळ हवीच, कारण ती वाचण्यासाठी नसते, उच्चारण्यासाठी असते. इथे सैल रोमन चालत नाही. आ साठी नेहमी aa, ई साठी ee, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मा गोंधळ जातो. maan, haat, paay, haad, taap हे आता इंग्रजी शब्द राहत नाहीत. pot तसाच राहतो, आणि ळ-ल, ट-त हा भेदही राहतो. त्यासाठी रोमीसारखे दुहेरी व्यंजन वापरता येईल किंवा मोठे L, T वापरता येतील, पण मग संपूर्ण शीर्षक मोठ्या अक्षरांत लिहिण्याचा मोह सोडावा लागतो, कारण तिथे T आणि t यांचा भेदच उरत नाही. अक्षरांखाली ठिपके देणारी ISO 15919 ही पद्धत सर्वांत काटेकोर आहे. ती अभ्यासकांच्या लेखात शोभते. रात्रपाळीच्या परिचारिकेला त्या ठिपक्यांचा उपयोग नाही, तिला aa पुरतो आणि बाकीचे ऐकून येते. अशा स्लाइडसोबत आवाजाची फाइल जोडता आली तर लिपीची चर्चाही संपते.

माणसांची नावे हा छोटा अपवाद. पडद्याच्या खालच्या पट्टीत वक्त्याचे नाव देवनागरीत द्यावे. कार्यक्रम अमराठी लोकही पाहणार असतील तर खाली रोमनमध्ये तेच नाव, वक्ता स्वतः जसे लिहितो त्याच स्पेलिंगने, द्यावे. तिथे aa चा नियम लावायला जाऊ नये.

माझे मत सरळ आहे. आवाज बंद असताना वाचायचा प्रत्येक मराठी मजकूर देवनागरीत असावा. रोमन फाइल ज्यांना देवनागरी येत नाही पण मराठी कळते त्यांच्यासाठी वेगळी असावी आणि तिचे लेखननियम अर्ध्या पानावर आधी लिहून ठेवलेले असावेत. संस्थेकडे एकच फाइल करण्याइतके मनुष्यबळ असेल, तर ती देवनागरीच करावी. नीट लिहिलेल्या देवनागरीवरून रोमन प्रत नियमाने तयार करता येते, पण रोमनवरून देवनागरी करताना mala चा मळा की माळा हे पुन्हा माणसालाच ठरवावे लागते.